टायरच्या फोटोत काय काय वाचता येतं?

१ जानेवारी २०२५ पासून टेक्ससमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. (तिचे साडेसात डॉलर मात्र रजिस्ट्रेशनच्या वेळी वेगळ्या नावाने अजूनही घेतात, हा भाग वेगळा!) आपल्या फ्रिस्कोचा परिसर ज्या कॉलिन आणि डेंटन काउंटींमध्ये येतो, तिथे धुराची चाचणी अजून करावी लागते. पण त्या चाचणीत टायरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पूर्वी वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी खाली वाकून टायर गोटा झालाय का हे बघत असे. आता ते काम आपलं आपणच करायचं.

जुनी गाडी घेताना तर हे फारच अडतं. डॅलसच्या आसपास शिकायला आलेली मुलं गाडी बघायला जातात आणि तिथून ओळखीच्या काका-मावशींना फोटो पाठवतात. त्यात बंपरचे, सीटचे, ओडोमीटरचे फोटो असतात आणि एखाद-दुसरा टायरचा. गंमत अशी, की त्या सगळ्या फोटोंत सर्वांत जास्त माहिती टायरच्या फोटोतच असते. फक्त ती काळ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेली असते.

गेल्या जूनमध्ये असेच पाच फोटो माझ्याकडे आले होते. २०१४ सालची, चारही चाकांना ताकद देणारी, मध्यम आकाराची एसयूव्ही. धावलेली जेमतेम २९ हजार मैल. विकणारं वयस्कर जोडपं दुसऱ्या राज्यात मुलीकडे राहायला निघालं होतं. "काका, टायर एकदम नव्यासारखे आहेत बघा," असा मेसेजही सोबत होता. नक्षी खरोखरच खोल दिसत होती. ते फोटो समोर ठेवूनच टायर कसा वाचायचा ते बघू.

आधी फोटोविषयी. पाचपैकी तीन फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेले होते, त्यामुळे काहीच वाचता येत नव्हतं. टायरवरची अक्षरं शाईने छापलेली नसतात, ती साच्यात उठवलेली असतात. अक्षराचा आणि मागच्या रबराचा रंग एकच असतो, आणि अक्षर दिसतं ते केवळ त्याच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून उजेड टाकला की सावलीच नाहीशी होते. म्हणून फ्लॅश बंद करायचा, दुसऱ्या फोनचा टॉर्च टायरला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरपा धरायचा आणि कॅमेरा मात्र अगदी समोर ठेवायचा. शिलालेख वाचणारे लोक दगडावर असाच तिरपा उजेड टाकतात. एवढं करूनही दिसलं नाही तर ओल्या फडक्याने धूळ पुसून अक्षरांवरून खडू आडवा फिरवायचा. मुलाने परत फोटो काढून पाठवले, आणि त्यातल्या डाव्या पुढच्या टायरवर हे दिसलं:

```
225/65R17 102H
```

यातला `225` म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. `65` म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. ती रुंदीच्या टक्क्यांत आहे. २२५चे ६५ टक्के म्हणजे साधारण १४६ मिलिमीटर. `R` म्हणजे रेडियल, आणि `17` हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी आहे, पण जगभर सगळ्यांनी ती मान्य केली आहे. हे सगळं जोडलं की पूर्ण चाकाचा व्यास निघतो. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वर-खाली दोन बाजूंचे १४६-१४६ मिळवले की सुमारे ७२४ मिलिमीटर.

उजव्या मागच्या टायरच्या फोटोत मात्र दुसरा आकडा धूसर होता. तो `65` आहे की `60`, हे कितीही मोठं करून पाहिलं तरी कळेना. इथे टायरच्या लेखनाचा एक चांगला गुण कामी येतो. टायर तीच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगतो. एक आकडा पुसट असला तरी बाकीच्यांवरून तो ताडून पाहता येतो.

मापानंतर येणारा `102` हा भारनिर्देशांक आहे. हे किलो नाहीत, पौंडही नाहीत. तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८५० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: `T` म्हणजे ताशी १९० किलोमीटर, `H` म्हणजे २१०, `V` म्हणजे २४०. टोलवेवर कुणी २१०ने जाणार नाही (जाऊही नये!), पण जास्त वेगासाठी पास झालेला टायर जास्त उष्णता सोसतो, म्हणून या अक्षराला टेक्ससमध्येही अर्थ आहे.

आता त्या धूसर आकड्याकडे परत येऊ. त्या टायरवर पुढची अक्षरं `99H` अशी स्वच्छ दिसत होती. शिवाय रिमच्या जवळ बारीक अक्षरांत कमाल भार लिहिलेला असतो, तिथे `MAX LOAD 775 kg` वाचता येत होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. २२५/६५ मापाच्या साध्या टायरचा निर्देशांक १०२ असतो, तर २२५/६० मापाच्या टायरचा ९९. म्हणजे तो धूसर आकडा `60`च होता. चारपैकी एक टायर वेगळ्या मापाचा निघाला.

(इथे एक बारीक खाच आहे. मापाच्या आधी `P` असेल, म्हणजे `P225/65R17`, तर तो अमेरिकन पद्धतीचा प्रवासी गाडीचा टायर. त्याच मापाला तिथे निर्देशांक एखाद-दोन अंकांनी कमी असू शकतो. म्हणून निर्देशांकावरून माप ताडताना आधी `P` आहे का ते बघावं. `LT` असेल तर तो पिकअपसारख्या गाड्यांचा टायर, आणि `XL` असेल तर जास्त हवा भरून जास्त भार घेणारा. या दोघांचे हिशेब वेगळे असतात.)

एक टायर जरा बारका असला तर काय बिघडतं? २२५/६०चा व्यास साधारण ७०२ मिलिमीटर येतो. म्हणजे फरक २२ मिलिमीटरचा. गाडीखाली लावल्यावर तो फरक ११ मिलिमीटर उंचीचा होतो, आणि डोळ्यांना तो जाणवतही नाही. पण मोठा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२७ मीटर पुढे जातो आणि छोटा २.२०. एक किलोमीटर जायला मोठ्याला ४४० फेरे लागतात आणि छोट्याला ४५४. सरळ रस्त्यावरही मागची दोन चाकं सतत वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात. त्यांच्यामधल्या डिफरन्शियलचं काम गाडी वळण घेत असताना हा फरक सांभाळण्याचं. इथे त्याला एका क्षणाचीही उसंत नाही. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर पुढच्या-मागच्या आसांना जोडणाऱ्या भागावरही तोच ताण येतो. टायरची किंमत दीडशे-दोनशे डॉलर, त्या भागांची दुरुस्ती हजारांत.

भाराचंही बघा. एका आसावर दोन टायर असतात, आणि आसाची ताकद कमजोर टायरवरून धरावी लागते. मागच्या आसावर ८५०चे दोन असते तर १७०० किलो झाले असते. एक ७७५चा आला की धरायचे १५५०. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर दिसतात. त्यांवर `GAWR` या नावाखाली प्रत्येक आसावर येऊ शकणारा कमाल भार दिलेला असतो, आणि गाडीसोबत कारखान्यातून कोणत्या मापाचे टायर आले होते हेही. टायर वाचण्याआधी या स्टिकरांचा फोटो मागवावा, म्हणजे काय असायला हवं ते आधीच कळतं. हवेचा दाबही तिथलाच पाळायचा. टायरवर `MAX PRESS 44 PSI` किंवा `51 PSI` असं काही लिहिलेलं असतं, तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे. तुमच्या गाडीला किती हवा भरायची ते त्यावरून ठरत नाही. पेट्रोल पंपावर टायरकडे बघून ५१ भरणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता वयाकडे येऊ. माझ्या मते जुनी गाडी घेताना टायरवरची हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेली. `DOT` ही अक्षरं शोधायची. त्यांच्यापुढे अक्षरं आणि आकडे यांची एक मालिका असते, आणि तिच्या शेवटी चार आकडे. डाव्या पुढच्या टायरवर ते असे होते (कंपनी ओळखू येऊ नये म्हणून मधली अक्षरं झाकली आहेत):

```
DOT .. .. ... 2214
```

पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१४चा २२वा आठवडा. अमेरिकी नियमानुसार आठवडा रविवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला पूर्ण आठवडा हा पहिला धरतात. २०१४मध्ये तो ५ जानेवारीला सुरू झाला, म्हणून २२वा आठवडा १ ते ७ जूनचा. फोटो आला तेव्हा टायर अकरा वर्षांचा झाला होता.

हे चार आकडे ओळखायला सोपी खूण म्हणजे ते बहुधा एका छोट्या लंबगोल किंवा चौकटीत असतात. साचा वर्षानुवर्षं तोच राहतो, पण आठवडा बदलतो. म्हणून तारखेची पट्टी साच्यात वेगळी बसवतात, आणि तिची कड रबरावर उमटते. फोटो उलटा आला असेल तरी घाबरायचं कारण नाही. आठवडा ५३च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून `6191` वाचलं गेलं तर तो उलटा धरलेला `1619` आहे हे लगेच कळतं. आणि शेवटी चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा. एखाद्या ट्रेलरखाली असे नमुने अजून सापडतात. त्यावर बसून लांबचा प्रवास करू नये.

उजव्या पुढच्या टायरवर `DOT` होतं, पुढची अक्षरंही होती, पण शेवटची चौकट नव्हती. मुलाला वाटलं, कुणीतरी तारीख खरवडून काढली. तसं नसतं. पूर्ण क्रमांक टायरच्या एका बाजूला असला तरी नियम पाळला जातो. दुसऱ्या बाजूला तारखेशिवायचा अर्धा क्रमांक चालतो. टायर उलटा बसला असेल तर तारीख गाडीच्या पोटाकडे जाते. पुढच्या चाकांसाठी युक्ती सोपी आहे: स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, गाडी बंद करून हँडब्रेक लावायचा, म्हणजे चाकाची आतली बाजू डोकावून दिसते. मागच्यांसाठी फोन गाडीखाली धरून फोटो घ्यावा लागतो. मुलाने चाक वळवलं, आणि आत `2314` सापडलं. पुढचाच आठवडा. डाव्या मागच्यावर पुन्हा `2214`, आणि त्या बारक्या टायरवर `4722`. म्हणजे तीन टायर कारखान्यातून गाडीबरोबर आलेले, आणि एक २०२२च्या शेवटी तयार झालेला, बहुधा पंक्चरच्या घाईत मिळेल तो लावलेला.

पण नक्षी खोल असेल तर अकरा वर्षांचं एवढं काय? खरं कारण टायरच्या आत आहे. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये रबराचा पातळ थर. टायरमधल्या दाबाखालच्या हवेतला प्राणवायू आतून हळूहळू त्या थरापर्यंत झिरपतो आणि रबराचं ऑक्सिडीकरण होतं. रबर कडक आणि ठिसूळ बनतं. पट्ट्यांच्या कडांना बारीक भेगा पडतात, त्या वाढत जातात, आणि एके दिवशी वेगात असताना नक्षीचा अख्खा थर सालीसारखा सुटून येतो. ही क्रिया गाडी उभी असतानाही चालूच असते. तापमान वाढलं की तिचा वेग वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो आणि डांबरी पार्किंग त्याहून कितीतरी तापतं. म्हणूनच कमी धावलेली गाडी टायरच्या बाबतीत फसवी ठरते. नक्षी झिजत नाही, त्यामुळे टायर बदलायची कुणाला आठवणच होत नाही. बाहेरच्या बाजूला कोरड्या भेगा दिसल्या तर खूण समजावी, पण भेगा नसणं ही काही खात्री नव्हे. पट्ट्यांमधलं रबर फोटोत दिसत नाही.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने, म्हणजे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने, २००७ साली काँग्रेसला दिलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी होती. टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले. त्या दाव्यांपैकी ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, नक्षी कशीही असो. काही टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात. फ्रिस्कोच्या उन्हात राहणाऱ्या गाडीला मी सहाचाच हिशेब लावीन. अकरा वर्षं तर दोन्ही हिशेबांत बसत नाहीत. डिकीतल्या स्टेपनीलाही तारीख असते. तिच्या मापाआधी `T` असेल तर ती तात्पुरती, सहसा ६० पीएसआय हवेची. तीही २०१४ची निघाली.

राहिला ब्रँड. टायरवर सर्वांत मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं आणि त्याखालोखाल मॉडेलचं. फोटो पाठवणारे नेमकं तेवढंच टिपतात. पण टायर नेमका कुठे तयार झाला हे नावावरून कळत नाही, ते `DOT`च्या लगेच पुढच्या अक्षरांत असतं. जुन्या टायरवर ती दोन असतात. २०१५च्या नियमाने ती तीन झाली आणि जुन्या कारखान्यांना बदलायला एप्रिल २०२५ पर्यंत मुदत होती. त्यामुळे रस्त्यावर बरीच वर्षं दोन्ही प्रकार दिसतील.

या दोन अक्षरांना किती महत्त्व येऊ शकतं, ते २००० साली सगळ्या अमेरिकेने पाहिलं. फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरची नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या. दोनशेहून अधिक माणसं त्यात गेली, आणि सर्वाधिक अपघात टेक्सससारख्या उष्ण राज्यांत झाले. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने टायर परत मागवले, तेव्हा रस्त्यावर असे सुमारे ६५ लाख टायर होते. पण `P235/75R15` मापाच्या विल्डरनेस एटी मॉडेलपैकी परत मागवले ते फक्त इलिनॉयच्या डेकेटर कारखान्यातले. नाव तेच, माप तेच, चेहराही तोच. फरक एवढाच, की डेकेटरच्या टायरवर `DOT` नंतर `VD` होतं. हजारो लोक त्या उन्हाळ्यात आपापल्या ड्राइव्हवेत गुडघे टेकून ही दोन अक्षरं शोधत होते, आणि बऱ्याच जणांची बाजू आतली निघाल्याने त्यांना गाडीखाली सरपटावं लागलं. त्याच वर्षी संसदेने टायर सुरक्षेचा नवा कायदा केला, आणि बाहेरच्या बाजूसाठी बनवलेल्या टायरवर पूर्ण क्रमांक बाहेरच असावा ही अट पुढे आली ती त्यातूनच. एखादा टायर परत मागवलेला आहे का, हे आज त्याच संस्थेच्या `nhtsa.gov/recalls` या पानावर बघता येतं.

पुण्या-नाशकाला आई-बाबांच्या गाडीचे टायर बघायचे असतील तरी हीच रीत. भारतातल्या टायरवर आयएसआयचं चिन्ह असतं, माप आणि भारनिर्देशांक याच पद्धतीने लिहितात, आणि आठवडा-वर्षाचे चार आकडेही असेच. व्हिडिओ कॉलवर बाबांना टॉर्च तिरपा धरायला लावणं हेच काय ते अवघड काम.

त्या मुलाने विकणाऱ्या जोडप्याला हे फोटो दाखवले. त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. चार टायरची किंमत गाडीच्या किमतीतून वजा झाली. दुकानात नवे टायर चढण्याआधी मी त्याला दोन कामं करायला सांगितली. एक, चारही टायरचे `DOT` क्रमांक पूर्ण टिपून घेणं, कारण चढल्यावर तारीख आत जाऊ शकते. दुसरं, ते क्रमांक आपल्या नावावर नोंदवणं. दुकानं त्यासाठी फॉर्म देतात किंवा स्वतः नोंद करतात, आणि उद्या टायर परत मागवले गेले तर कंपनीचं पत्र याच नोंदीवरून घरी येतं. त्याने पाठवलेल्या फोटोंत तीन टायरवर `0925` होतं आणि एकावर `0825`, चारही `225/65R17 102H`.